अवघड चार गुण

मी काढलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात कधी चूक निघाली नाही, असं मी नोकरीत असताना चारचौघांत सांगत असे. न विचारता सांगत असे, हेही कबूल करते. आता निवृत्त झाल्यावर तेच वाक्य ओठांवर येतं आणि मी ते गिळते. कारण ज्या वीस गुणांच्या घटक चाचणीची मला आजही लाज वाटते, त्या पेपरातही चूक नव्हती. आकडे बरोबर होते, उत्तरं बरोबर होती, गुणांची बेरीज बरोबर वीस होती.

मी दर्यापूरला शिकवत होते. आमच्या संस्थेच्या शाळा अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या होत्या आणि दहावीच्या चाचण्यांचे पेपर सगळ्यांना एकच असत. गणिताचा पेपर काढायचं काम फिरतं असावं असा ठराव होता, पण चार-पाच वर्षं ते माझ्याकडेच राहिलं. दुसऱ्यांनी काढलेल्या पेपरात मी इतक्या खोड्या काढायची, की लोकांनी कंटाळून ते काम माझ्या गळ्यात मारलं. मला तो माझा मान वाटला.

पेपर काढणं म्हणजे नुसते प्रश्न लिहिणं नाही. त्याच्यासोबत संविधान तक्ता जोडावा लागतो. कोणत्या प्रकरणावर किती गुण, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, आणि शेवटी काठिण्य पातळी, म्हणजे सोपे किती, मध्यम किती, कठीण किती. आमच्याकडे प्रमाण ठरलेलं होतं. वीसपैकी आठ गुण सोपे, आठ मध्यम, चार कठीण. नियमाप्रमाणे आधी तक्ता करायचा आणि मग त्याच्या मापाने प्रश्न काढायचे. प्रत्यक्षात माझ्या माहितीतला एकही शिक्षक तसं करत नाही. आधी प्रश्न सुचतात, पेपर होतो, आणि मग तक्ता मागून भरला जातो, शाळेच्या हजेरीपटासारखा. मीही तेच करायची. फरक इतकाच, की माझा तक्ता तंतोतंत जुळायचा आणि मुख्याध्यापक तो दुसऱ्या शाळांना नमुना म्हणून पाठवायचे.

त्या चाचणीला तीन प्रकरणं होती. दोन चलांतली रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे चार, सगळे सोपे. निश्चयकाची किंमत काढा, विवेचक काढा, श्रेढीचं पुढचं पद लिहा. दुसऱ्यात दोन-दोन गुणांचे तीन, त्यातले दोन सोपे, एक मध्यम. तिसऱ्यात तीन-तीन गुणांचे दोन, दोन्ही मध्यम. झाले सोळा. सोप्याचे आठ, मध्यमचे आठ, अगदी सोन्याच्या काट्यावर तोलल्यासारखे. राहिला चौथा प्रश्न, चार गुणांचा, कठीण.

आमची शाळा ज्या इमारतीत भरायची, ते एके काळी कापसाचं गोदाम होतं. अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत कोण्या व्यापाऱ्याने ते बांधलं, असं इतिहासाचे सर दरवर्षी सांगत. वर्गाची दारं बैलगाडी आत येईल एवढी रुंद होती. मी म्हटलं, चला, आपलाच कापूस घेऊ. गणित असं घातलं: १८६०च्या दशकातल्या तेजीत एका गोदामात कापसाच्या १४४ गाठी रचल्या. सर्वांत खालच्या रांगेत २५ गाठी, आणि वरच्या प्रत्येक रांगेत खालच्यापेक्षा २ कमी. तर एकूण रांगा किती, आणि सर्वांत वरच्या रांगेत गाठी किती?

या गणितावर माझा फार जीव जडला. श्रेढीच्या बेरजेचं सूत्र लावलं की वर्गसमीकरण येतं. रांगांची संख्या n धरली, तर nचा वर्ग वजा २६n अधिक १४४ बरोबर शून्य. अवयव पाडले की दोन उत्तरं निघतात, ८ आणि १८. आता अठरा रांगा धरल्या तर वरच्या रांगेत उणे नऊ गाठी येतात, आणि उणे नऊ गाठी जगात कोणत्याच गोदामात नसतात. म्हणून १८ नाकारायचे, कारण लिहायचं, आणि ८ ठेवायचे. एका गणितात दोन प्रकरणं आणि वर विचार. ते अठरा म्हणजे मी लावलेला सापळा होता आणि त्याच्याकडे पाहून मी स्वतःशीच खूश होत होते. तक्त्यात 'कठीण' या रकान्यात मी चार लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

गुणदान योजनाही तशीच रेखीव केली. सूत्र लिहून किमती घालण्याला एक गुण. वर्गसमीकरण तयार करण्याला एक. अवयव पाडून दोन्ही किमती काढण्याला एक. अठरा का नको, याचं कारण देऊन अंतिम उत्तर लिहिण्याला एक. आणि सगळ्यांत खाली ते वाक्य, जे प्रत्येक योजनेच्या तळाशी असतंच: 'इतर कोणत्याही योग्य पद्धतीने उदाहरण सोडवल्यास पूर्ण गुण द्यावेत.' हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने हात चालतो, डोकं त्यात नसतं.

वीस गुणांची ती चाचणी इतर ठिकाणी असते तशी नुसती सोपस्काराची नव्हती. आमच्याकडे तिच्यावर दहावीचे दोन गट पडत. दहा किंवा जास्त गुण मिळाले तर सकाळचा जादा वर्ग. तो मी घ्यायची आणि त्यात सगळा अभ्यासक्रम, शेवटच्या अवघड प्रश्नांसकट, पुन्हा व्हायचा. दहाच्या खाली असले तर दुपारचा गट. तिथे पास होण्यापुरतं शिकवलं जाई. बहुपर्यायी प्रश्न, चौकटी पूर्ण करा, दोन गुणांचे ठरावीक प्रकार. त्या गटासाठी पुस्तिका मीच करून दिली होती आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, की चाचणी असो की बोर्ड, चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला हात लावायचा नाही, त्यात वेळ जातो. एकदा पडलेला गट वर्षभर बदलत नसे. हाही नियम माझाच. पालक रोज येऊन रडतील म्हणून केलेला.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. तिचे वडील दर्यापूर-अमरावती रस्त्यावर सवारीची जीप चालवत. मी कामासाठी अमरावतीला जायची तेव्हा पुष्कळदा त्यांच्याच जीपमधून जायची आणि ते मला ड्रायव्हरशेजारची जागा राखून ठेवत. एकदा असंच जाताना त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, दहावी झाली का मंग पोरीले अमरावतीच्या पॉलिटेक्निकले टाकावं म्हणून राहिलो मी. जमन का तिले?" मी म्हटलं होतं, "तिथे गुणांवर प्रवेश मिळतो. गणित पक्कं पाहिजे." त्यांनी गिअर बदलत मान हलवली होती.

मुलगी वर्गात फारशी बोलायची नाही. बीजगणिताच्या पाठ केलेल्या पायऱ्या तिला नेमक्या वेळी आठवत नसत. सूत्रात अधिक कुठे, वजा कुठे, यात ती गोंधळायची. मी तिच्या वहीवर 'पाठांतर करणे' असं लाल शाईने बरेचदा लिहिलेलं होतं.

चाचणी झाली. गठ्ठा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर तपासायला बसले. तिची उत्तरपत्रिका मध्येच कुठेतरी आली. पहिल्या तीन प्रश्नांत सोळापैकी आठ. दोन ठिकाणी चिन्हाची चूक, एक अर्धवट. मग चौथा प्रश्न. तिथे सूत्र नव्हतं, n नव्हता, समीकरण नव्हतं. तिने एकाखाली एक रांगा लिहिल्या होत्या. पंचवीस, तेवीस, एकवीस, एकोणीस, सतरा, पंधरा, तेरा, अकरा. प्रत्येकाच्या बाजूला तिथवरची बेरीज. पंचवीस, अठ्ठेचाळीस, एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी, एकशे पाच, एकशे वीस, एकशे तेहतीस, एकशे चव्वेचाळीस. खाली लिहिलं होतं, 'गाठी संपल्या. म्हणून ८ रांगा, वर ११ गाठी.' आणि त्याच्याही खाली ताळा करून पाहिला होता. पंचवीस आणि अकरा छत्तीस, तेवीस आणि तेरा छत्तीस, एकवीस आणि पंधरा छत्तीस, एकोणीस आणि सतरा छत्तीस. छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस.

मी लाल पेन हातात धरून बसून राहिले. मला कळलं नाही असं मुळीच नव्हतं. पहिलं पद शेवटच्याशी, दुसरं उपांत्याशी जोडलं की प्रत्येक जोडीची बेरीज सारखी येते, हेच तर त्या सूत्राच्या पोटात आहे. मी ते वर्गात फळ्यावर दोन मिनिटांत दाखवलं होतं, आणि 'हे परीक्षेत येत नाही, फक्त ऐका' असं म्हणून पुसलंही होतं. वर्गात ते एकीने खरोखर ऐकलं होतं.

पण माझ्या डोक्यात पहिला विचार तिचा आला नाही. पहिला विचार आला तक्त्याचा. जी मुलगी समीकरण मांडतच नाही, तिला ते अठरा भेटतच नाहीत. सापळ्याच्या बाजूने, हमरस्त्याने, ती सरळ उत्तराला पोचते. आठ आकडे मिळवायचे, तिसरीतली बेरीज. म्हणजे माझा कठीण प्रश्न कठीण नव्हताच. एकशे चव्वेचाळीसच्या जागी काही हजारांत जाणारी संख्या आणि खालची रांगही तशीच मोठी घातली असती, तर कोणी एकेक रांग मिळवत बसलं नसतं. ते मला सुचलं नाही, कारण प्रश्न काढताना मी फक्त माझ्याच पद्धतीने तो सोडवून पाहिला होता. आता या उत्तराला चार गुण दिले, तर ते चार गुण सोप्यात जमा होतात. सोपे बारा, मध्यम आठ, कठीण शून्य. नमुना म्हणून गावोगावी फिरलेला तक्ता.

मी त्या प्रश्नापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली. माझ्याच वर्गात आणखी सहा-सात जणांनी तसंच बेरजेने केलं होतं. कोणाचं अर्धवट, कोणाचं पूर्ण. जोड्यांचा ताळा फक्त तिचा.

गुण पक्के करण्याआधी गणिताच्या सगळ्या शिक्षकांची बैठक व्हायची. त्या वेळी ती अकोल्याच्या शाळेत होती. एसटीने गेले. चहा झाला, योजना वाचून झाली, आणि चौथ्या प्रश्नावर अकोल्याचेच एक सर बोलायला उठले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, सौम्य माणूस, बोलताना चष्मा पुसायची सवय.

"मॅडम, आमच्या इकडे आठ-दहा पोट्ट्यायनं रांगा मांडून बेरीज केली. उत्तर बरोबर हाय. त्यायले काय द्यायचं?"

मला उत्तर द्यायला एक क्षणसुद्धा लागला नाही. आदल्या दिवसापासून मी ते तयारच ठेवलं होतं. "अंतिम उत्तराचा एक गुण. समीकरण नाही तर बाकीचे तीन नाहीत."

"पण खाली तुमीच लिहिलं हाय ना, योग्य पद्धत असन तर पूर्ण गुण." त्यांनी कागद वर करून दाखवला.

"योग्य पद्धत म्हणजे शिकवलेली पद्धत, सर. आपण बीजगणिताची परीक्षा घेतो, मोजदादीची नाही. उद्या बोर्डात असं लिहून आलं तर कोण जबाबदार?"

बोर्डात असं उत्तर आलं तर पूर्ण गुण मिळतात, हे मला माहीत होतं. मी बोर्डाचे पेपर तपासलेले होते. त्यांनीही तपासलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या बाकी मंडळींकडे पाहिलं. कोणाला बस गाठायची होती, कोणाला मार्केटमध्ये जायचं होतं. "बरं बावा, तुमी मनता तसं," म्हणून ते खाली बसले. सगळ्यांनी आपापल्या कागदावर लिहून घेतलं: समीकरण नाही, एक गुण. दोन जिल्ह्यांतल्या शाळांत ते लागू झालं. किती मुलांचे तीन-तीन गुण गेले ते मी कधी मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही, असं लिहायला हवं.

परत येऊन मी पेन्सिलचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि लाल शाईत एक लिहिला. आठ आणि एक नऊ. चार दिले असते तर बारा झाले असते. हा हिशेब मी त्याच वेळी केला होता. ती सकाळच्या वर्गाऐवजी दुपारच्या गटात जाणार, हे माहीत असून मी तो एक लिहिला.

उत्तरपत्रिका वाटल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी आली. आत इतर बाया डबे उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, माहं यात काय चुकलं?"

"पद्धत."

"प्रश्नात लिहिलं नव्हतं, समीकरणानंच करा म्हणून." ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि मला त्याचाच राग आला. ज्याचं बरोबर आहे अशा माणसापुढे उभं राहिलं की मला तेव्हा राग यायचा.

मी म्हटलं, "बोटांवर मोजायचंच होतं तर बालवाडीत बसायचं. दहावीत कशाला आलीस?"

एकदोघी हसल्या. मीही हसले बहुतेक. मुलीने उत्तरपत्रिका घडी करून पोटाशी धरली आणि गेली. हे लिहिताना माझे कान तापतात. मारकुट्या शिक्षकांना मी आयुष्यभर नावं ठेवली, पण छडीचा वळ आठ दिवसांत जातो.

पुढे पालकसभेला तिचे वडील आले. बाहेर जीप उभी करून, घाईत. म्हणाले, "मॅडम, पोरगी दुपारच्या वर्गात गेली म्हनते. तिथं पॉलिटेक्निकपुरतं शिकवतेत का?"

"आधी पास तर होऊ द्या," मी म्हटलं. "तिचं गणित कच्चं आहे."

त्यांनी हात जोडले. त्यानंतरही जीपमध्ये त्यांनी माझी जागा राखली. मी मात्र एसटीने जायला लागले. वेळ सोयीची पडते, असं घरी सांगितलं.

दुसऱ्या घटक चाचणीला मी शहाणपणा केला. म्हणजे मला तेव्हा तो शहाणपणा वाटला. झालेलं दुरुस्त करायला दोन जिल्ह्यांतल्या लोकांपुढे मान खाली घालावी लागली असती. ते टाळून मी नव्या पेपरात चौथा प्रश्न म्हणून पुन्हा श्रेढीचं एक गणित घातलं. रचणीचंच, वेगळ्या आकड्यांचं, बेरजेनेही सुटेल असं. तक्त्यात ते मध्यमात दाखवलं, आणि या वेळी प्रश्नाच्या खालीच मुलांना दिसेल असं छापलं, की कोणत्याही योग्य पद्धतीने सोडवले तरी चालेल. मनात म्हटलं, पोरगी बेरजेने सोडवील, मी पूर्ण गुण देईन, आणि आपलं मिटेल. कोणाला काही बोलायला नको.

तिने तो प्रश्न सोडवलाच नाही. त्या जागी कोरं पान होतं. बाकीचं मात्र नीट होतं. चौकटी भरलेल्या, दोन गुणांची ठरावीक उदाहरणं पायऱ्यांसकट पाठ केलेली, चिन्हांची चूक नाही. दुपारच्या गटाची पुस्तिका तिने तंतोतंत अमलात आणली होती.

मी तिला वर्गाबाहेर गाठलं. "चौथा का सोडलास?"

"आमच्या गटाले तो सोडायले सांगतला हाय, मॅडम. पुस्तिकेत हाय."

"पण तुला येत होता."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिची पुन्हा थट्टा करते आहे असं तिला वाटलं असावं. "मले नाही येत तसलं," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिला सांगायला हवं होतं. सराव परीक्षेला अजून महिना होता, सकाळचा वर्ग सुरू होता, त्यात एक बाक रिकामाही होता. पण गट बदलायचा तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं की बाकीच्यांचीही उत्तरं निघणार, अकोल्याचे सर चष्मा पुसत काही न बोलता बसणार, आणि ते न बोलणं मला सहन झालं नसतं. मी उद्या-परवा करत राहिले. सराव परीक्षेतही तिने शेवटचे दोन प्रश्न कोरे ठेवले. काही मुलं हट्टाने कोरं ठेवतात. ही तशी नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवून कोरं ठेवलं होतं.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रवेशपत्रं आली. वाटायचं काम माझ्याकडे होतं. मुलं एकेक करून सही करून घेऊन जात होती. तिची पाळी आली तेव्हा मी तिला थांबायला सांगितलं, आणि सगळी गेल्यावर समोरच्या खुर्चीवर बसवलं. आधी ती बसायला तयार नव्हती. मग खुर्चीच्या टोकावर बसली.

मी म्हटलं, "पहिल्या चाचणीतलं ते गाठींचं गणित आठवतं?"

तिने मान हलवली.

"ते तुझं बरोबर होतं. पूर्ण बरोबर. चारपैकी चार द्यायला हवे होते. मी एक दिला."

मला वाटलं रडेल, चिडेल, निदान सुस्कारा टाकेल. तिने प्रवेशपत्र मांडीवर सरळ केलं आणि विचारलं, "काहून, मॅडम?"

एवढ्या महिन्यांत मी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं बनवली होती. नियम, शिस्त, बोर्डाची तयारी. समोर ती बसलेली असताना त्यातलं एकही बाहेर येईना. मी तिला खरं सांगितलं. पेपरासोबत एक तक्ता असतो, त्यात सोपे, मध्यम, कठीण असे रकाने असतात, कठीणमध्ये चार गुण दाखवावे लागतात, आणि तिच्या पद्धतीला गुण दिले असते तर माझा तो रकाना रिकामा पडला असता. पंधरा वर्षांच्या मुलीला हे समजावताना ते किती लहान कारण आहे ते मला शब्दागणिक ऐकू येत होतं. मी माफी मागितली. बालवाडीचं जे बोलले होते, त्याचीही. आयुष्यात एखाद्या विद्यार्थ्याची मी पहिल्यांदाच माफी मागत होते आणि ती कशी मागतात ते मला नीट येत नव्हतं.

तिचं माफीकडे लक्ष नव्हतं. तिचं वेगळंच काही चाललं होतं. "म्हंजे मले बारा होते?" ती म्हणाली.

"हो. बारा."

"मंग मी सकाळच्या वर्गातली होती."

"हो."

ती उठून उभी राहिली. चेहरा एकदम उजळला होता. तिच्या तोंडावर मी तसा आनंद वर्षभरात पाहिला नव्हता. "मंग मी उद्यापासून येऊ का, मॅडम? सात वाजता येते मी. बाबा सोडून देतीन."

सकाळचा वर्ग मागच्या शनिवारी संपला होता. मुलांनी निरोपाचे पेढेही वाटले होते. आता शाळा बंद राहून अभ्यासाची सुट्टी लागणार होती, आणि बीजगणिताच्या पेपराला अडीच आठवडे उरले होते. हे सगळं मला तिला सांगायचं होतं आणि ती माझ्या होकाराची वाट पाहत उभी होती.